चौथ्या मजल्याचा जिना आणि चाळीसचा बल्ब

गेल्या माघी उत्सवात बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेले आमचे शाळेतले विज्ञानाचे सर दवाखान्यात डोकावले. वय बासष्ट-त्रेसष्ट. निवृत्तीनंतर मुलाकडे डोंबिवलीला राहतात. चौथा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. बसल्या बसल्या म्हणाले, "अरे, गणपतीत आलो होतो तेव्हा मी पंच्याहत्तरचा बल्ब होतो. आता चाळीसचा झालोय."

मला आधी ती थट्टा वाटली. पण सरांनी खिशातून कागद काढला. त्यावर दोन हिशेब मांडलेले होते. वाचकांपैकी पुष्कळ जण मुंबई-पनवेलच्या मुलांकडे जाऊन असे जिने चढत असतील, म्हणून तो हिशेब इथे देतो.

सरांनी फूटपट्टी लावून पायरीची उंची मोजली होती, साडेसहा इंच. एका मजल्याला अठरा पायऱ्या, चार मजल्यांना बहात्तर. म्हणजे उंची जवळजवळ १२ मीटर. जिना तिरका असतो, मधे सपाट चौक येतात, ते हिशेबात धरायचे नाहीत. मोजायची ती फक्त वर गेलेली उंची. सरांचे वजन ६० किलो. वजनाला ९.८ ने गुणायचे, मग उंचीने गुणायचे. उत्तर येते सुमारे ७,०५० ज्यूल. एवढे काम प्रत्येक खेपेला होतेच. धावत चढा किंवा दर चौकात बसत चढा, त्यात फरक नाही. कठड्याला धरून हाताने ओढून घेतले तरी काम तेवढेच.

फरक पडतो तो वेळेने. काम भागिले लागलेले सेकंद म्हणजे वॅट. सत्तर सेकंदांत चढलात तर १०० वॅट, दोन मिनिटांत चढलात तर साधारण ६०, तीन मिनिटे लागली तर ४०. आमच्या पिढीच्या घरात जे तीन पिवळे बल्ब असत, नेमके तेच. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन येणाऱ्या माणसाचे पाहा. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास, तो स्वतः साठ किलोचा. दीड मिनिटात तो चौथ्या मजल्यावर पोचला तर त्याची शक्ती होते जवळजवळ १२० वॅट. आपण रिकाम्या हाताने मिनिटभरात चढलो तरच त्याच्या बरोबरीला येतो.

इथे एक खोच आहे. बल्बवर लिहिलेले १०० वॅट म्हणजे तो वीज किती खातो, प्रकाश किती देतो ते नव्हे. जुन्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णता होऊन जाई. म्हणून तर आता नऊ वॅटचा एलईडी साठच्या पिवळ्या बल्बाइतका उजेड देतो. आपले १०० वॅट मात्र प्रत्यक्ष झालेल्या कामाचे आहेत. शरीराचे 'खाणे' मोजायचे तर चार-पाच पट धरावे लागते, कारण स्नायू अन्नातल्या शक्तीपैकी पाचवा किंवा फार तर चौथा हिस्साच कामात उतरवतात. उरलेली उष्णता होते. जिना चढून वर आल्यावर सदरा अंगाला चिकटतो तो त्यामुळे.

हे पाचपट धरूनही एक खेप आठ कॅलरीच्या आसपासच भरते. चहात चमचाभर साखर टाकली तर वीस. तेव्हा जिन्याने वजन उतरेल म्हणून जे सांगतात त्यांना मी हात जोडतो. जिन्याचा खरा उपयोग मला वेगळा वाटतो. तो फुकटचा मोजमापाचा यंत्र आहे, आणि आपल्याकडे त्याचा वापर कोणी करत नाही.

हृदय, फुप्फुस, रक्त आणि मांड्यांचे स्नायू या चौघांनी मिळून तो बल्ब पेटता ठेवायचा असतो. स्पेनमधील डॉक्टरांनी २०२० साली हृदयाच्या तक्रारींसाठी तपासणीला आलेल्या १६५ रुग्णांना साठ पायऱ्या, न थांबता पण न धावता, चढायला लावल्या. ज्यांना दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला त्यांच्यापैकी ५८ टक्क्यांच्या हृदयाच्या तपासणीत दोष निघाला. जे मिनिटाच्या आत पोचले त्यांच्यातही तो ३२ टक्क्यांत होता. म्हणजे झपाझप चढता आले की हृदय ठणठणीत, असे समजू नये. जिना निदान करत नाही, फक्त विचारपूस करा म्हणून सांगतो.

म्हणून दुसऱ्याशी स्पर्धा करण्यापेक्षा स्वतःच्याच जुन्या आकड्याशी तुलना करावी. सरांना भाद्रपदात लागले होते ९० सेकंद, म्हणजे ७८ वॅट. माघात तोच जिना, तेच वजन, आणि १८० सेकंद. साडेचार-पाच महिन्यांत शक्ती निम्मी. घरच्यांचे म्हणणे, वय झाले. मला ते पटेना. वय माणसाला असे एका पावसाळ्यानंतर निम्मे करत नाही.

छातीत दुखत नव्हते, पायाला सूज नव्हती, हृदयाचा आलेख ठीक होता. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढुरकी. रक्त तपासले, हिमोग्लोबीन ७.८. पुरुषांत ते तेराच्या वर हवे. मग खोदून विचारले. दिवाळीपासून गुडघ्यासाठी रोज एक वेदनाशामक गोळी, दुकानातून आणलेली, कधी रिकाम्या पोटीही. शौच काळसर होते का? "होते, पण मला वाटले पालेभाजीमुळे." पनवेलला दुर्बिणीने तपासले तेव्हा जठरात व्रण सापडला. रक्त थेंबथेंब जात होते.

प्राणवायू वाहून नेणारे रक्तच कमी झाले की मांडीच्या स्नायूला भट्टी पेटवता येत नाही. पहिले काही सेकंद स्नायू आपल्या शिलकीवर चालतात, पुढे उसनवारी होते, आणि ती फेडण्यासाठी वर पोचल्यावर आपण धापा टाकतो. निरोगी माणसाची धाप दोन-तीन मिनिटांत बसते. सरांची दहा मिनिटे बसत नव्हती. सेकंदांबरोबर ही धापही टिपून ठेवावी असे मला वाटते. वेळ तोच राहून धाप लांबली तरी ती खूण आहे.

ज्यांना चालताना छातीत दाब येतो, चक्कर येते किंवा ज्यांना हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला आहे त्यांनी घड्याळ लावून चढण्याच्या फंदात पडू नये. त्यांची तपासणी दवाखान्यातच व्हावी. इतरांनीही नेहमीच्या चालीनेच चढावे. आणि चढताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखू लागले तर तिथेच पायरीवर बसावे, बल्ब कितीचाही असो.

सरांची गोळी बंद केली, व्रणाचे औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाला वेळ लागतो, ते मी आधीच सांगितले होते. चैत्रात त्यांचा फोन आला तेव्हा १३० सेकंद, जेष्ठात १००. आषाढातल्या फोनवर म्हणाले, "सत्तरचा झालो रे. पण गुडघा दुखतो, त्याचे काय करायचे ते सांग."