मोठ्या सरांचा परिचय

शेजारच्या तालुक्यातील एका संस्थेने दहावीच्या गुणगौरव समारंभाला आमच्या मुख्याध्यापकांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले आणि परिचयाचे काम आमच्यावर सोपवले. "तुम्ही त्यांना अकरा वर्षे जवळून पाहताय," संयोजक म्हणाले. अडचण नेमकी तीच होती.

रात्री दीड पान लिहिले. अष्टपैलू, मनमिळाऊ, शेकडो मुलींचे जीवन घडवणारे! घरी वाचून दाखवले तर 'मनमिळाऊ'वर लेक हसू लागली. "अब्बू, मोठे सर कधी हसतात तरी का?" ती त्यांच्याच शाळेत नववीला आहे. खरे तर आमचेही सरांशी दोनदा चांगलेच वाजले आहे. आमच्या शाळेतील दोन शिक्षक समारंभाला येणार होते. स्टाफरूममध्ये आम्ही काय बोलतो ते त्यांनी ऐकलेले. मात्र परक्या व्यासपीठावर जुना हिशेब काढणे ही बेअदबीच झाली असती.

आमचा गोपनीय अहवाल सरच लिहितात. श्रोत्यांना असे नाते कळले की प्रत्येक विशेषणाची किंमत निम्मी होते. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे ठरवले : "मी सरांच्या हाताखाली काम करतो, तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो." तोंडावर तारीफ करण्यापासून हदीसमध्ये सावध केलेले आहे; करायचीच तर 'मला असे वाटते, खरे अल्लाह जाणतो' एवढ्या बेताने करावी. विशेषणे गेली. पदव्या आणि नोकरीची वर्षे सरांना विचारून दोन ओळींत बसवली. (संस्थेच्या पत्रिकेत त्यांना 'डॉक्टर' केले होते. ते आधीच दुरुस्त करून घेतले, नाहीतर सरांना व्यासपीठावर खुलासा करावा लागला असता.)

उरला एकच प्रसंग. एका जूनमध्ये दहावी पास झालेल्या पाच मुलींनी अकरावीचा अर्जच भरला नव्हता. असरनंतर सर कोरे अर्ज घेऊन निघाले, आम्ही सोबत. एका घरी वडील बोलायला तयार नव्हते, तर सर मगरिबच्या अजानपर्यंत उंबऱ्याशी बसून राहिले. तिघींचे प्रवेश झाले, दोघींचे नाही. परिचयात 'शेकडो' काढून आम्ही 'तिघी' म्हटले आणि राहिलेल्या दोघींचाही उल्लेख केला.

कडकपणा लपवला नाही. "सर वेळेच्या बाबतीत कुणाचे ऐकत नाहीत, आमचे तर मुळीच नाही," एवढ्यावर भागवले. सभागृह हसले, आमचे दोन सहकारी जरा जास्तच. सारे दोन मिनिटांत आटोपले.

परतीच्या एस.टी.त सर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "पाच नव्हे, सहा घरं होती. एकानं दारच उघडलं नव्हतं."