जेसीबीआधी फावडं

आरमोरीत नेट गेलं की आपण कंपनीला शिव्या घालतो. पण कधी कधी नालीच्या खोदकामात जेसीबीनंच केबल तोडलेली असते. ‘नकाशावर तर खोल होती’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. भारतनेटची केबल साधारण १.६५ मीटर खोल टाकायची असते खरी. पण खडक लागला की ती वर राहते, रस्त्याची कड कापली की वरची माती कमी होते. कागदावरची खोली मात्र तेवढीच! शिवाय केबलमध्ये धातू नसेल तर शोधयंत्रालाही ती सापडत नाही.

म्हणून खोदण्याआधी जागा कळवायची. त्यासाठी मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी अ‍ॅप आहे. केबल-पाइपवाल्यांना त्यावरून सूचना जाते. त्यांनी येऊन रेषा दाखवली, तरी तो अंदाजच. त्या रेषेला आडवा, छोटा खड्डा फावड्यानं थराथरानं खणायचा. सब्बल जोरानं मारायची नाही, तिचं टोक थेट पाइपात घुसतं. केबल डोळ्यांना दिसेपर्यंत जेसीबी लांब. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. आणि खड्ड्यात काहीच दिसलं नाही तर? तो दोन्ही बाजूंना वाढवायचा. ‘इथं काही नाही’ म्हणून बकेट घालायची नाही.