खंदकाच्या काठावर कोसळणारा सैनिक: माहितीपटातील रचलेल्या दृश्यांविषयी

१/ पहिल्या महायुद्धावरचा कोणताही माहितीपट आठवा. कृष्णधवल चित्र, खंदकाचा काठ, इशारा होताच भराभर वर चढणारे सैनिक. त्यांतला एक काठावरच कोसळतो आणि घसरत पुन्हा खंदकात येतो. हे दृश्य आपण इतक्यांदा पाहिले आहे की महायुद्ध म्हटले की तेच डोळ्यांपुढे उभे राहते. मित्रहो, तो सैनिक त्या क्षणी मेला नव्हता. तो मरण्याचा अभिनय करीत होता. आजचा हा थ्रेड त्या अभिनयाविषयी आहे, आणि असा अभिनय प्रेक्षकांपासून लपविण्याच्या सवयीविषयी.

२/ हे दृश्य ‘द बॅटल ऑफ द सॉम’ या ब्रिटिश चित्रपटातले. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सॉम नदीच्या परिसरात ब्रिटिश सैन्याने मोठा हल्ला चढविला. जेफ्री मालिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोन छायाचित्रकारांनी तिथे चित्रण केले आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे लढाई चालू असतानाच, चित्रपट ब्रिटनमधील पडद्यांवर झळकला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी तिकिटे विकली गेली, असा अंदाज सांगितला जातो. ज्यांची मुले आघाडीवर होती, ती माणसे हे पाहत होती.

३/ चित्रपटाचा फार मोठा भाग अस्सल आहे, हे आधी स्पष्ट करतो. सकाळी ७.२० वाजता हॉथॉर्न टेकडीखाली उडविलेल्या सुरुंगाचे दृश्य खरे आहे. जखमींचे चेहरेही खरे आहेत. अडचण होती ती प्रत्यक्ष हल्ल्याची. कॅमेरा जड, तिपाईवर ठेवून हाताने फिरवायचा. दूरचे जवळ आणणारी आजच्यासारखी भिंगे नाहीत. खंदकाबाहेर डोके काढणे म्हणजे गोळीला आमंत्रण. त्यामुळे हल्ल्याच्या अस्सल चित्रणात सैनिक दूरच्या उतारावर सरकणाऱ्या ठिपक्यांएवढे दिसतात. प्रेक्षकाला हवा असलेला क्षण कॅमेऱ्याच्या हाती लागलाच नव्हता. तो नंतर आघाडीच्या मागे, बहुधा उखळी तोफांच्या एका प्रशिक्षण केंद्रावर, रचून घेण्यात आला.

४/ हे कळले कसे? लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधील चित्रपट-अभिलेखागाराचे रॉजर स्मिदर यांनी १९९०च्या दशकात या दृश्यांची बारकाईने चिकित्सा केली. तुम्हीही चित्र थांबवून पाहू शकता. खंदक आघाडीच्या खंदकांच्या मानाने उथळ आहे. सैनिकांच्या पाठीवर हल्ल्याच्या वेळचे ओझे नाही. कॅमेरा अशा जागी उभा आहे की खऱ्या हल्ल्यात छायाचित्रकार तिथे टिकलाच नसता. आणि पुढच्या दृश्यात, काटेरी तारांपाशी पडलेला एक ‘मृत’ सैनिक पडल्यावर पायावर पाय टाकून घेतो.

५/ मालिन्सला खलनायक ठरविण्यात मला रस नाही. तो स्वतः जिवावर उदार होऊन आघाडीवर उभा होता. माझा आक्षेप त्याच्या कृतीच्या एका अंगाला आहे. रचलेले दृश्य त्याने अस्सल दृश्यांसारखेच टिपले आणि चित्रपटाने ते त्यांच्याच रांगेत बसविले. पडद्यावरील पाटीही हा प्रत्यक्ष हल्लाच असल्याचे सांगते. खरे कुठे संपते आणि रचलेले कुठे सुरू होते, हे ओळखण्याचे कोणतेही साधन प्रेक्षकाच्या हाती ठेवले नाही. त्याची किंमत अस्सल चित्रणालाही मोजावी लागते, कारण एक दृश्य बनावट निघाले की संशयी माणूस सुरुंगाच्या स्फोटाकडेही त्याच नजरेने पाहू लागतो.

६/ हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी वर्गातील सादरीकरणात हेच दृश्य ‘सॉमचा पहिला दिवस’ म्हणून दाखविले होते. मी ते एका चांगल्या, नावाजलेल्या माहितीपटातून घेतले होते. त्या माहितीपटाने ते कुठून घेतले, हे मी विचारले नाही. वर्गातही कोणी विचारले नाही. साधनचिकित्सेचे धडे गिरविणाऱ्या वर्गात हे घडले, ही गोष्ट मला अजून बोचते.

७/ माझा मुख्य मुद्दा याच अनुभवातून आला आहे. दृश्य आपल्या चित्रपटापेक्षा अधिक जगते. ते कापले जाते, दुसऱ्या माहितीपटात जाते, तिथून पाठ्यक्रमात, तिथून आपल्या मोबाइलवर. या प्रवासात श्रेयनामावली मागेच राहते. म्हणून ‘काही प्रसंगांचे नाट्यरूपांतर केले आहे’ अशी एक ओळ शेवटी धावत्या अक्षरांत टाकून निर्मात्याची जबाबदारी संपत नाही. ‘काही’ म्हणजे नेमके कोणते? रचलेल्या दृश्याची खूण त्या दृश्यातच असली पाहिजे, इतकी की दहा सेकंदांचा तुकडा कापला तरी ती त्याच्याबरोबर जाईल.

८/ ‘१९१६ साली माध्यमच नवे होते, आज असे होत नाही,’ असे कोणी म्हणेल. २००५ साली लघुमाहितीपटाचे ऑस्कर ‘मायटी टाइम्स: द चिल्ड्रन्स मार्च’ला मिळाले. अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात १९६३ साली वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या मुलांची ती कथा. निर्मात्यांनी नव्याने दृश्ये चित्रित केली, ती जुन्या फिल्मसारखी दिसतील अशी घडविली आणि अस्सल चित्रणात मिसळली. पुरस्कारानंतर माहितीपटकारांमध्येच यावरून वाद पेटला. कथा खरी होती, मुलांचे धैर्य खरे होते, पुरावाही मुबलक होता. अशा विषयाला बनावट जुनेपणाची गरज का पडावी?

९/ मग नाट्यरूपांतर करूच नये काय? मी तसे म्हणत नाही. एरॉल मॉरिस यांचा १९८८चा ‘द थिन ब्लू लाइन’ पाहा. नोव्हेंबर १९७६मध्ये डॅलस शहरात रॉबर्ट वुड या पोलिसाने रात्री एक गाडी अडविली आणि गाडीतून झाडलेल्या गोळ्यांनी तो ठार झाला. रँडल डेल अ‍ॅडम्सला दोषी धरून देहदंड सुनावला गेला, पुढे तो जन्मठेपेत बदलला. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत डेव्हिड हॅरिस हा सोळा वर्षांचा मुलगा होता.

१०/ मॉरिस तो गोळीबार पुनःपुन्हा रचून दाखवितात, पण दरवेळी तो वेगळा असतो. गाडीत एक माणूस होता की दोन? वुडची सहकारी गाडीबाहेर येऊन उभी होती की आतच बसून होती? ज्याची साक्ष चालू आहे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे दृश्य बदलते. शैलीही उघडउघड रचलेली: नाट्यमय प्रकाश, हवेत संथपणे उडणारा मिल्कशेकचा पेला, फिलिप ग्लास यांचे संगीत. ही बातमीची फीत आहे असे कोणालाही वाटणार नाही. परस्परविरोधी दृश्ये शेजारी आली की साक्षींतील भेगा आपोआप दिसू लागतात. इथे नाट्यरूपांतर साक्षीची उलटतपासणी करते.

११/ आणि निर्णायक क्षणी मॉरिस काय करतात? हॅरिस जवळजवळ कबुलीच देतो, ती शेवटची मुलाखत केवळ ध्वनिफितीवर होती. तिथे अभिनेता आणता आला असता. मॉरिस पडद्यावर फक्त टेपरेकॉर्डर दाखवितात. चित्र नव्हते, तर चित्र नव्हते असेच प्रेक्षकाला दिसते. १९८९ साली अ‍ॅडम्सची शिक्षा रद्द झाली आणि तो सुटला.

१२/ यातून हाती लागणारा पहिला नियम शैलीचा. अस्सल चित्रणाच्या जवळ जाऊ नका, त्याच्यापासून दूर जा. मूळ फीत कृष्णधवल आणि जवळपास चौकोनी चौकटीची असेल, तर रचलेले दृश्य रंगीत आणि रुंद चौकटीत घ्या. मूळ कॅमेरा हातात हलणारा असेल, तर तुमचा तिपाईवर स्थिर ठेवा. चेहऱ्याऐवजी हात, पाठ, वस्तू दाखवा, कारण अभिनेत्याचा चेहरा खऱ्या माणसाच्या चेहऱ्याची जागा बळकावतो. संगणकावर चढविलेले ओरखडे आणि कण तर पूर्णपणे वर्ज्य. त्या ओरखड्यांचे काम एकच: ही फीत तेव्हाची आहे, असे खोटे सांगणे.

१३/ दुसरा नियम पाटीचा. शैली एकटी पुरत नाही, कारण प्रत्येक प्रेक्षक ती वाचेलच असे नाही. प्रत्येक रचलेल्या दृश्यावर, दृश्य संपेपर्यंत, कोपऱ्यात ओळ हवी. आणि ती नुसती ‘नाट्यरूपांतर’ नको, कोणाच्या सांगण्यावरून तेही हवे. आपल्याकडचे उदाहरण घ्या. १६६६ साली आग्र्याहून महाराजांची पेटाऱ्यांतून झालेली सुटका चित्रित करताना तिथे कॅमेरा होता, असे कोणी समजणार नाही. पण ‘सभासदाच्या बखरीनुसार’ एवढे दोन शब्द असतील, तर हे वर्णन घटनेनंतर सुमारे तीन दशकांनी लिहिले गेले, याचा शोध जिज्ञासू मुलगी स्वतः घेऊ शकेल. त्या दोन शब्दांवाचून पेटाऱ्याचा रंग, पहारेकऱ्याचा चेहरा, पावसाची रात्र, सारेच सारख्या वजनाचे सत्य होऊन बसते.

१४/ ‘अशाने रसभंग होतो,’ हा नेहमीचा आक्षेप. थोडा होईलही. पण पाटीमुळे रस पार नाहीसा होत असेल, तर तो रस प्रेक्षकाच्या गैरसमजावरच उभा होता, असे म्हणावे लागेल. पाटीने पक्षपातही आपोआप नाहीसा होत नाही, हेही मान्य करतो. चार साक्षींपैकी एकच रचून तिच्यावर प्रामाणिक पाटी लावली, तरी उरलेल्या तीन दडल्याच. म्हणून जिथे साधने भांडतात, तिथे दृश्येही भांडू द्या.

१५/ तेव्हा पुढचा माहितीपट पाहताना एवढे करा. जुने दिसणारे दृश्य आले की थांबवा आणि विचारा: हा कॅमेरा कुठे उभा आहे? त्या क्षणी तिथे माणूस उभा राहू शकला असता काय? उत्तर ‘नाही’ असेल आणि पडद्यावर पाटी नसेल, तर निर्मात्याला जाहीरपणे विचारा. सॉमच्या त्या पहिल्या दिवशी १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. त्यांच्या नावाने आपण आजही त्या अभिनय करणाऱ्या सैनिकाला पाहतो. दूरच्या उतारावरचे ते ठिपके मात्र खरे होते.