जुन्या भिंतीवर सिमेंट लावणं ही दुरुस्ती नव्हे

सालेकशात आमचं घर आहे. भिंती दीड-दोन फूट जाड, वीट भाजलेली पण मऊ, जोडाई चुन्याची, वरून चुन्याचा गिलावा आणि डोक्यावर कवेलू. दादांच्या वेळचं हे घर अब्बांच्या हयातीत दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे चुना मारून घेत उभं राहिलं. गेल्या अकरा वर्षांत मात्र आम्ही ते तीनदा 'पक्कं' करून घेतलं आणि तिन्ही वेळा ते आधीपेक्षा कच्चं झालं.

पहिल्यांदा बैठकीच्या भिंतीला खालून हातभर ओल आली होती. गिलाव्याचे पोपडे निघत होते. ठेकेदार म्हणाला, "चुन्यात दम नसतो भाऊ, तीन फूट सिमेंटची पट्टी मारून देतो, टेन्शन खतम." आम्ही मान डोलावली. दोन पावसाळ्यांनी ओल त्या पट्टीच्या वर, चार-साडेचार फुटांवर दिसू लागली. मग पाच फुटांपर्यंत सिमेंट झालं, ओल सहा फुटांवर गेली. तिसऱ्या वेळी पूर्ण भिंत सिमेंटने झाकली, वर पुट्टी आणि धुता येणारा प्लास्टिक रंग लावला. दोन वर्षं भिंत आरशासारखी दिसली. मग एका रात्री दारापेक्षा मोठा तुकडा आपोआप खाली आला. सुदैवाने खाली कोणी झोपलेलं नव्हतं.

तो तुकडा मी सकाळी उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला विटेची लाल साल चिकटून आली होती. सिमेंट सुटलं नव्हतं, वीटच फुटली होती. भिंतीत हात घातला तर विटेचा भुगा बोटांना लागला आणि त्यावर पांढऱ्या क्षारांचा कापूस फुललेला होता. ज्याला आम्ही मजबुती म्हणत होतो, तिनेच भिंत खाल्ली होती.

माझा वाद सिमेंटशी नाही. नव्या स्लॅबच्या घरात, कॉलममध्ये, पुलात ते जरूर वापरा. वाद आहे तो 'जे जास्त कडक ते जास्त चांगलं' या आंधळ्या समजुतीशी. जुन्या भिंतीवर काही लावताना ते किती मजबूत आहे हा पहिला प्रश्नच नाही. ते त्या भिंतीशी जुळतं का, हा पहिला प्रश्न आहे.

आमच्या जुन्या घरांच्या पायात पाणी अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते, ती चढणारच. आमचा भाग धानाचा आणि तलावांचा, पाऊस भरपूर. त्यात दर काही वर्षांनी समोरचा रस्ता वर उचलला जातो आणि जोतं खाली खाली बुडत जातं. चुन्याचा गिलावा ही ओल रोखत नव्हता, तो ती बाहेर सोडत होता. पाणी खालच्या हातभर पट्टीतून वाफ होऊन उडायचं, क्षार गिलाव्यातच साचायचे, गिलावा झडायचा आणि वीट वाचायची. झडणं हा त्या गिलाव्याचा दोष नव्हता, ते त्याचं काम होतं. सिमेंटने ती वाट बंद केली. पाण्याला बाहेर पडायला जागा उरली नाही, म्हणून ते जागा मिळेपर्यंत वर चढलं. क्षार गिलाव्याऐवजी विटेत साचले, तिथेच त्यांचे खडे झाले आणि त्या खड्यांनी वीट आतून फोडली. शिवाय सिमेंट स्वतःचेही विरघळणारे क्षार भिंतीत आणतं. प्लास्टिक रंगाने उरलीसुरली छिद्रंही बुजवली.

दुसरी गोष्ट हालचालीची. जुनी भिंत उन्हाने, ओलीने, पायाखालच्या मातीने थोडी थोडी हलत असते. चुन्याच्या दरजा ती हालचाल केसाएवढ्या बारीक भेगांत वाटून घेतात. त्या भेगांत पाणी शिरलं की थोडा चुना विरघळतो, पुन्हा जमतो आणि बारीक भेग बुजते. सिमेंट वाकत नाही. ते एका जागी मोठं फाटतं, त्या फटीतून पावसाचं पाणी आत जातं आणि आत गेलेलं बाहेर येत नाही. म्हणून दुरुस्तीचा माल मूळ विटेपेक्षा थोडा कमजोरच हवा. काही तुटायचंच असेल तर दरज तुटावी, ती पुन्हा भरता येते. वीट पुन्हा भाजता येत नाही.

ही काही खेड्यातल्या माणसाची हळहळ नव्हे. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावर विसाव्या शतकात दुरुस्ती म्हणून सिमेंट काँक्रीटचे थर चढवले गेले होते. आगाखान ट्रस्ट फॉर कल्चरने भारतीय पुरातत्त्व खात्यासोबत २०१३ मध्ये जे काम पूर्ण केलं, त्यात सुमारे दहा लाख किलो काँक्रीट कारागिरांनी हाताने काढलं आणि जागोजागी सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुना लावला. बादशहाच्या कबरीवरून सिमेंट उतरवायला जे कारण लागू होतं, तेच आमच्या बैठकीच्या भिंतीला लागू होतं.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. आधी पाणी पाहिलं. फुटके कवेलू बदलले आणि भिंतीलगतची चढलेली माती खणून जोतं मोकळं केलं, पाण्याला उतार दिला. हे न करता चुना लावणं म्हणजे गळक्या घागरीला रंग देणं. मग बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेलो. जिथे ढबढब वाजलं तिथलं सिमेंट छिन्नी-हातोड्याने काढलं. ब्रेकर मशीन लावू दिलं नाही, ते विटा हलवतं. जिथे सिमेंट इतकं घट्ट होतं की वीट घेऊनच निघेल, तिथे ते तसंच ठेवलं. सैल झालं की पुढे कधी काढू. दरजा बोटाच्या एका पेराएवढ्या खोल मोकळ्या केल्या. क्षार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर फेकले. धुतले असते तर पाण्याबरोबर पुन्हा आत गेले असते. आणि मग भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. येणारा-जाणारा हसायचा. हसू दिलं.

चुना कटनीकडचा, कळीचा, म्हणजे खड्यांचा आणला. पाकिटातली भुकटी किती जुनी आहे ते कळत नाही. हवा लागलेला चुना मेलेला असतो. चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळा, जोरात फसफसली तर ती परत दगड झालेली आहे. ताजा खडा पाण्यात टाकला की सळसळतो, तापतो, फुटतो. तो लोखंडी ड्रमात विरवला. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना, उलटं कधीच नाही. डोळ्यांना चष्मा लावूनच. उकळता चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. मग चाळणीतून गाळून वर बोटभर पाणी ठेवून तो महिनाभर मुरवला. चुना का मुरतो आणि का घट्ट होतो हे आमच्याकडे शिकवावं लागू नये. तंबाखूच्या डबीतला चुना झाकण लावलेलं असेल तोवर मऊ राहतो, उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो. भिंतीवर हेच घडतं, फक्त सावकाश.

पण नुसता चुना जाड, ओलसर भिंतीत आतपर्यंत लवकर धरत नाही. म्हणून सुरखी हवी, म्हणजे मंद भाजलेल्या विटेची भुकटी. जळून काळी पडलेली वीट चालत नाही, ती चुन्याशी बोलत नाही. आम्ही एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग धुतलेली जाडसर वाळू घेतली. आधी हातभर चौकटीत नमुना लावून पंधरा दिवस पाहिला. भेगा आल्या असत्या तर वाळू वाढवली असती.

काम नोव्हेंबरात सुरू केलं. आमच्या पावसात चुना धरत नाही आणि मे महिन्याच्या उन्हात तो धरण्याआधीच सुकून पीठ होतो. भिंत आदल्या दिवसापासून भिजवली. प्रत्येक थर बोटाच्या जाडीपेक्षा कमी, वरून लाकडी थापीने ठोकलेला, पुढच्या थरासाठी ओरखडलेला. दोन थरांत आठवडाभराचं अंतर. ओल्या गोणपाटाने पंधरा दिवस झाकून ठेवला. पहिल्या चार दिवसांत दिसणाऱ्या बारीक भेगा माल ओला असतानाच पुन्हा दाबून घेतल्या. महिन्याभराने दोन-तीन जागी फुटकुळ्या आल्या. चूक आमची होती, गाळण्यात न विरलेले कण राहून गेले होते. शेवटी पातळ चुन्याचे तीन हात दिले, प्लास्टिक रंग नाही.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. गूळ, बेलफळ, उडीद घातले की चुना वज्र होतो, अशी पुराणं व्हॉट्सॲपवर फिरतात. यातल्या काही गोष्टींनी माल लवचीक होतो, सुकणं मंदावतं, हे खरं. पण बेल घालून मेलेला चुना जिवंत होत नाही आणि न वाळलेली भिंत वाळत नाही. आणि जिथे पायाच खचला आहे, भिंत ओळंब्यातून सुटली आहे, तिथे कोणताही गिलावा उपयोगाचा नाही. तिथे जाणकार अभियंता बोलवा.

माझा खरा राग आहे तो शिकवण्यावर. बांधकामाच्या चुन्यासाठी भारतीय मानक ७१२ आजही आहे, त्यात कोणता चुना कशासाठी हे वर्गवार लिहिलं आहे. तरी आमच्या भागात जुनं घर पाहायला आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत एकच औषध सांगतो. रोगी कोण हे न पाहता औषध देणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणत नाही.

आमच्या कामावर एक सत्तरीचे मिस्त्री चाचा होते. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "चाचा, ही भिंत आता किती वर्षं टिकेल?"

ते म्हणाले, "भिंत टिकंल जी. हा खालचा हातभर गिलावा मात्र धा-बारा सालांनी झडंल. तवा पुन्हा चुनाच लावा."

दोन पावसाळे झाले. ओल पुन्हा हातभरच आहे आणि सकाळच्या उन्हात ती भिंत वाळताना दिसते. पुढच्या वेळी दुरुस्ती करायला मी असेन-नसेन, म्हणून ड्रम, चाळणी आणि वहीत लिहिलेलं प्रमाण घरातच ठेवलं आहे.