चौदा युनिटांचा अर्थ

बेळगावकडील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे बंधू इंग्लंडात नोकरीस असतात. गेल्या सुट्टीत येताना त्यांनी तेथील आरोग्यविषयक एक पत्रक सोबत आणले. प्रौढ माणसाने आठवड्यास नियमितपणे १४ युनिटांहून अधिक मद्य घेऊ नये, असे त्यात छापले आहे. भगिनींच्या यजमानांनी ते वाचले आणि ते हर्षभरित होऊन म्हणाले, "आम्ही रात्री जेवणापूर्वी एकच ग्लास घेतो. आठवड्याचे झाले सात. इंग्रज डॉक्टर तर चौदांची मुभा देतात!" या हिशेबास काय उत्तर द्यावे, असे भगिनी विचारतात. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे की, घरी आणलेली व्हिस्कीची क्वार्टर दोन रात्री पुरते. आमच्या मते सारे उत्तर त्या एका वाक्यात आहे.

पत्रक खरे आहे. ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली हा सल्ला दिला. परंतु युनिट म्हणजे ग्लास नव्हे, की पेगही नव्हे. युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. वजनाने सुमारे ८ ग्रॅम. पेयात पाणी किती, रंग कोणता, किंमत काय, याच्याशी त्याचा संबंध नाही. बाटलीवरील चिठ्ठीवर मद्यार्काचे शेकडा प्रमाण छापलेले असते. घेतलेल्या मिलिलिटरांना त्या आकड्याने गुणावे व हजाराने भागावे, की युनिटे निघतात.

आता यजमानांची क्वार्टर घेऊ. क्वार्टर १८० मिलिलिटरांची असते आणि आपल्याकडील व्हिस्की, रम, ब्रँडी यांचे प्रमाण बहुधा शेकडा ४२.८ असते. (चिठ्ठीवर ७५ अंश प्रूफ असाही आकडा कधी आढळतो, तो शेकडा प्रमाण नव्हे, त्याने गुणू नये.) १८० गुणिले ४२.८ म्हणजे ७७०४. हजाराने भागता ७.७ युनिटे. दोन रात्रीस एक क्वार्टर म्हणजे आठवड्यास साडेतीन. त्यांची युनिटे झाली २७. यजमान स्वतःस मर्यादेच्या निम्म्यावर समजत होते; वास्तविक ते मर्यादेच्या जवळजवळ दुपटीवर आहेत. आठवड्याची चौदा युनिटे म्हणजे पुऱ्या दोन क्वार्टरही होत नाहीत!

बिअर पिणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. ६५० मिलिलिटरांची मोठी बाटली शेकडा ८ प्रमाणाची, म्हणजे 'स्ट्राँग' म्हणतात ती असेल, तर एकट्या बाटलीत ५.२ युनिटे असतात. म्हणजे ६० मिलिलिटरांच्या दोन मोठ्या पेगांइतकी. गोव्यातील आमच्या वाचकांनी हेही ध्यानी घ्यावे की, फेणीचा ग्रावाचा आकडा म्हणजे शेकडा प्रमाण नव्हे. मद्यार्क त्या आकड्याहून पुष्कळ अधिक असतो. आणि ज्या बाटलीवर चिठ्ठीच नाही, तिचा हिशेब करताच येत नाही.

येथवर अंकगणित झाले. याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, चौदा हा आकडा सांगतो तरी काय? तेरापर्यंत औषध आणि पंधरापासून विष, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. तो आकडा धोक्याच्या चढणीवर मारलेली एक खूण आहे. शंभर माणसांनी आयुष्यभर आठवड्यास इतके मद्य घेतले, तर त्यांपैकी सुमारे एकाचा मृत्यू मद्यामुळे ओढवेल, असा त्यामागील अंदाज आहे. कोणी यकृताच्या विकाराने जाईल, कोणी घशाच्या अथवा अन्ननलिकेच्या कर्करोगाने, तर कोणी अपघाताने. एवढा धोका माणसे इतर व्यवहारांतही पत्करतात, म्हणून खूण तेथे मारली.

खूण कोठे मारावी हा निवडीचा प्रश्न असल्याने देशोदेशींचे आकडे निराळे पडतात. कॅनडात २०२३ साली तज्ज्ञांनी अल्प धोक्याची रेषा हजारांत एक मृत्यूवर आखली, तेव्हा आठवड्यास दोनच पेये बसली. शंभरांत एकाची रेषा त्यांना सहा पेयांवर आढळली. वाचकांनी येथे थोडे थांबावे: मद्य तिप्पट झाले आणि धोका दसपट! चढण अशी उत्तरोत्तर उभी होत जाते. म्हणूनच सत्तावीसवरून चौदावर येण्याने जो लाभ होतो, तो निम्म्याहून अधिक असतो. मात्र कॅनडातील पेय १३.४५ ग्रॅम मद्यार्काचे धरतात, ब्रिटिश युनिट ८ ग्रॅमांचे. एका देशाचा आकडा घेऊन दुसऱ्याच्या मापाने मोजू नये.

कित्येक जण असेही म्हणतात की, आम्ही सहा दिवस कोरडे राहतो आणि रविवारी किंवा लग्नाच्या मांडवात चौदांचा कोटा वसूल करतो. पत्रकाची ही फारच सोयीची वाचणी झाली. तेवढे घेणाऱ्याने ते तीन अथवा अधिक दिवसांत विभागावे, असे त्याच पत्रकात पुढे म्हटले आहे. याचे कारण शरीर मद्यार्क आपल्याच गतीने काढून टाकते. ती गती ढोबळमानाने तासास एक युनिट अशी असते आणि लिंबू, काळी कॉफी वा थंड पाण्याची अंघोळ यांनी ती वाढत नाही. रात्री दहास संपविलेली एक क्वार्टर पहाटे सहाच्या सुमारास उतरते. चौदा युनिटे त्या वेळी घेतलेला मनुष्य सकाळी आठास फटफटी काढतो, तेव्हा रात्रीचे मद्य अजून त्याच्या रक्तातच असते.

शिवाय हा आकडा सर्वांसाठी नाही. गरोदर स्त्रीने मुळीच घेऊ नये, हा सल्ला त्याच अधिकाऱ्यांचा आहे. मुले, यकृताचे रोगी, झोपेची वा फेफऱ्याची औषधे घेणारे, वाहन चालविणारे यांना चौदाचा आधार नाही. आणि जो मुळीच घेत नाही, त्याने प्रकृतीसाठी म्हणून आरंभ करावा, असे तर कोठेच म्हटलेले नाही.

आता भगिनींनी काय करावे? वाद घालू नये, मोजावे. यजमान ग्लास ज्या रेषेपर्यंत भरतात, तेथवर पाणी भरून ते बाळाच्या दुधाच्या बाटलीत ओतावे. तिच्यावर मिलिलिटरांच्या खुणा असतात. ९० मिलिलिटर भरले तर ती एका रात्रीची जवळजवळ चार युनिटे झाली. तो आकडा यजमानांनी स्वतः वाचावा. त्यांनी तोच ग्लास ६० मिलिलिटरांवर आणला आणि आठवड्यातील तीन रात्री कोरड्या ठेवल्या, तर बेरीज १०.३ वर येते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. सकाळी त्यांचे हात कापत असतील, घाम सुटत असेल आणि घोट घेताच बरे वाटत असेल, तर शरीर मद्यावर अवलंबून झाले आहे असे समजावे. अशा माणसाची बाटली एकाएकी लपवून ठेवू नये. अकस्मात बंद केल्याने झटके येऊ शकतात, भ्रम होतो आणि प्रसंगी प्राणावर बेतते. त्यांस आधी डॉक्टरांकडे न्यावे आणि रोजचे प्रमाण खरेखुरे सांगावे. मोजलेला आकडा तेथेही उपयोगी पडेल.