पाटीवर आहे तेवढेच, आणि तसेच

परदेशी गेलेली आपली मुले आता आईवडिलांना पाहुणचाराला बोलावतात. रोह्याच्या माझ्या ताईंचा मुलगा नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडला आहे. त्याने डोंगरातल्या एका पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या पाटीचा आणि नकाशाचा फोटो पाठवला. "आईबाबा, आपण इथे फिरायला जाऊ. पाटी कुणाकडून तरी वाचून घ्या," असा निरोप सोबत होता. भाऊजींचे वय पासष्ट, गुडघे दुखरे. शेजारच्या एका हुशार मुलाने पाटीचे मराठी करून दिले. ताईंनी तो कागद आणि फोटो, दोन्ही माझ्याकडे पाठवले. कागद फोटोशी ताडून पाहिला तेव्हा तीन फरक आढळले. तिन्ही फरक दिसायला किरकोळ आहेत, पण चालणाऱ्या माणसाला ते भोवू शकतात.

पहिला फरक अंतराचा. मूळ पाटीवर किलोमीटर नव्हतेच. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटेच्या पाटीवर चालण्याचा वेळ देतात. इथे तो १ तास ५० मिनिटे होता. मुलाने ताशी ४.२ किलोमीटर हा वेग धरून गुणाकार केला आणि 'अंतर ७.७ किलोमीटर' असे लिहिले. तिथल्या पाट्यांसाठी सपाटीचा वेग साधारण तेवढाच धरतात, हे खरे. परंतु पाटीवरच्या वेळात चढही धरलेला असतो. नकाशात पाहिले तर अंतर फक्त ४ किलोमीटर होते. सुरुवातीची उंची १,४८० मीटर आणि शेवटची १,९०० मीटर, म्हणजे चढ ४२० मीटरचा.

याचा पडताळा घरी बसून घेता येतो. जर्मन लोकांची एक सोपी रीत आहे. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढताना तासाला ३०० मीटर उंची आणि उतरताना ५०० मीटर, असे धरायचे. अंतराचा वेळ वेगळा काढायचा, चढाचा वेगळा काढायचा. जो मोठा येईल तो पूर्ण घ्यायचा आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा. इथे अंतराची ६० मिनिटे आणि चढाची ८४ मिनिटे येतात. ८४ मध्ये ३० मिळवले की ११४ मिनिटे, म्हणजे १ तास ५४ मिनिटे झाली. पाटीवरचा आकडा जवळपास तोच आहे. परतीला अंतराची ६० आणि उताराची ५० मिनिटे, म्हणून ६० अधिक २५, एकूण ८५ मिनिटे. जायला लागणारा वेळ दुप्पट करून येण्याजाण्याचा हिशेब होत नाही, हे यावरून कळते. शिवाय या वेळात विश्रांती धरलेली नसते. भाऊजींनी दर अर्ध्या तासाला दहा मिनिटे बसायचे ठरवले, तर ती मिनिटे वेगळी मिळवावी लागतील.

तेव्हा भाषांतरात '१ तास ५० मिनिटे' एवढेच लिहावे. आपण केलेला हिशेब खाली रेघ मारून, वेगळा लिहावा. आम्ही कारकून मंडळी मूळ नोंद खोडत नाही, शेरा समासात लिहितो. इथेही तीच रीत बरी.

दुसरा फरक श्रेणीचा. फोटोतली पाटी पिवळी होती, पण तिच्या बाणाचे टोक पांढरे-तांबडे-पांढरे होते. मुलाने या रंगाची नोंदच घेतली नाही. आपल्याकडे गडांच्या माहितीत 'श्रेणी : मध्यम' असे छापतात, तसे त्याने 'मध्यम' लिहून टाकले. तिकडे मात्र रंग हीच श्रेणी असते. संपूर्ण पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरे-तांबडे-पांढरे म्हणजे डोंगरवाट. तिथे वाट काही ठिकाणी अरुंद आणि उभी असते, पाय घट्ट पडावा लागतो आणि खोल दरी पाहून गरगरणाऱ्या माणसाने जाऊ नये. निळी पाटी आणि पांढरे-निळे-पांढरे टोक म्हणजे अनुभवी गिर्यारोहकांची वाट.

तिथल्या गिर्यारोहण संघाने पायी वाटांच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत, टी १ ते टी ६. पांढऱ्या-तांबड्या रंगात त्यातल्या दोन येतात, टी २ आणि टी ३. टी २ मध्ये वाट सलग दिसते. टी ३ मध्ये ती सगळीकडे दिसेलच असे नाही. अवघड जागी दोर किंवा साखळी असू शकते, तोल सांभाळायला हातही टेकावे लागतात. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसासाठी या दोन पायऱ्यांतले अंतर मोठे आहे. 'मध्यम' या एका शब्दाने ते पुसून जाते. पाटीवर फक्त रंग असेल तर भाषांतरात रंगच लिहावा, टी २ असे मनाने लिहू नये. पायरी कोणती, ते वाटेच्या माहितीपुस्तकात पाहून मुलाने कळवावे.

तिसरा फरक सर्वांत गंभीर. वाटेच्या मध्यावरचा एक त्रिकोणी फलक होता. त्यावर 'श्टाइनश्लाग' हा शब्द आणि खाली 'थांबू नका' अशा अर्थाची सूचना होती. कागदावर आले, 'दरडीचा धोका, जपून व सावकाश चला.' यात दोन चुका आहेत. श्टाइनश्लाग म्हणजे वरून सुटे दगड पडणे. दरड कोसळणे वेगळे. महाडजवळच्या तळियेत २२ जुलै २०२१ ला आणि खालापूरच्या इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री जे घडले, ते रायगडच्या माणसाला दरड म्हटले की आठवते. म्हणून तो मनात म्हणतो, पाऊस नाही, मग भीती नाही. सुटे दगड मात्र कोरड्या, उन्हाच्या दिवशीही पडतात. रात्री फटीत गोठलेले पाणी सकाळी वितळले की दगडाची पकड सुटते.

दुसरी चूक आणखी वाईट. फलक सांगतो की या टप्प्यात थांबू नका, पुढे व्हा. कागद सांगतो, सावकाश चला. भाऊजी नेमके तिथेच दम खायला टेकले असते. म्हणून धोक्याची सूचना जशीच्या तशी उतरवावी. 'सुटे दगड पडतात. थांबू नका.' एवढी दोन वाक्ये पुरेत.

नावांबद्दलही एक सांगतो. तिथल्या पाटीवर पांढऱ्या पट्टीत त्या जागेचे नाव आणि उंची असते. नावाचा अर्थ मराठीत करू नये. मूळ रोमन अक्षरे तशीच ठेवून शेजारी उच्चार लिहावा. अपघात झाला तर तिथल्या विमान-बचाव सेवेला १४१४ वर फोन करून तेच नाव सांगावे लागते. फोटो घेतानाही खांब, बाण आणि पांढरी पट्टी एकाच चौकटीत यावी. नुसत्या अक्षरांच्या फोटोवरून बाण कुठल्या दिशेचा, ते कळत नाही.

हाच नियम आपल्याकडच्या पाट्यांनाही लागू आहे. रोह्याच्या अवचितगडावर मेढ्यातूनही जाता येते आणि पिंगळसईतूनही. अशा गडाच्या वाटेवर कोणी 'अर्धा तास' अशी पाटी लावली, तर तो कुठून मोजलेला अर्धा तास, हे तिच्यावर लिहिलेले असावे. बाहेरच्या पाहुण्यासाठी तिचे इंग्रजी करताना टाक्याचा 'तलाव' होऊ नये आणि कातळटप्प्याची 'पायरी' होऊ नये. टाक्याच्या पाटीवर 'पाणी पिण्यायोग्य नाही' असे असेल, तर त्यातला 'नाही' आधी तपासावा.

ताईंना मी नवा कागद करून दिला. वर पाटीचे शब्द, मध्ये रेघ, खाली आमचा हिशेब. वाट टी २ आहे की टी ३, हे मुलाने कळवेपर्यंत भाऊजींनी होकार देऊ नये, असे त्याच कागदाच्या तळाशी लिहिले आहे.