पायऱ्या त्यांच्या, तारीख आपली



बँकेच्या शाखेत गेलात तर भिंतीवरचा एक फलक वाचून या. बहुधा कॅलेंडरच्या मागे किंवा पंख्याच्या बटनांजवळ लावलेला असतो. आधी शाखाधिकाऱ्याकडे तक्रार करा. समाधान झाले नाही तर विभागीय कार्यालयातल्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. तिथेही झाले नाही तर मुख्य कार्यालयातल्या प्रधान नोडल अधिकाऱ्याकडे. प्रत्येक पायरीपुढे दिवस लिहिलेले असतात. वाचणाऱ्याला वाटते, काय चोख व्यवस्था आहे!

व्यवस्था चोखच आहे, पण कोणासाठी, ते पाहू.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचे पीककर्ज खाते आहे आणि दोन हेक्टर कपाशी आहे. जुलैच्या २८ तारखेला बँकेने खात्यातून पीकविम्याचा हप्ता १८०० रुपये कापला. पासबुकात नोंद आहे. पुढे पाऊस उघडला, बोंडे गळाली आणि मंडळात उत्पन्न घटले. मार्चमध्ये शेजाऱ्याच्या खात्यात हेक्टरी ९ हजारांप्रमाणे विम्याची भरपाई आली. तुमच्या खात्यात दमडीही नाही. त्याचे गाव तेच, महसूल मंडळ तेच, पीकही तेच.

तुम्ही शाखेत जाता. बाबू म्हणतो, "विमा कंपनीला विचारा." कंपनीचा माणूस सांगतो, "पोर्टलवर तुमचे नावच नाही." म्हणजे बँकेने पैसे कापले आणि माहिती भरलीच नाही, किंवा भरताना गाव नाहीतर पीक चुकवले. तुम्ही परत शाखेत जाता. साहेब रजेवर. पुढच्या मंगळवारी साहेब भेटतात आणि गोड बोलतात, "वर कळवले आहे, काका." असे तीन मंगळवार जातात, दर वेळी एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. मग पेरणी येते आणि माणूस नाद सोडतो.

आता सांगा, तुम्ही तक्रार केली का? तुम्ही म्हणाल, चार वेळा केली. बँकेचे दप्तर सांगेल, एकदाही नाही. तोंडी बोललेले हवेत जाते. ज्या कागदावर बँकेची पोच आहे, तीच तक्रार. त्या पोचेवरच्या तारखेपासून घड्याळ चालू होते. साहेब गोड बोलतो तो ते घड्याळ चालू होऊ नये म्हणून.

म्हणून पहिले काम म्हणजे साध्या मराठीत एका पानाचा अर्ज. त्यात इतकेच लिहा: खाते क्रमांक, हप्ता कापल्याची तारीख आणि रक्कम, गट नंबर, पीक व क्षेत्र, पोर्टलवर नोंद नाही ही गोष्ट आणि शेवटी मागणी. मागणी मोघम नको. "न्याय मिळावा" असे लिहू नका. लिहा, "माझ्या मंडळात कपाशीला हेक्टरी ९००० रुपये भरपाई मिळाली. माझ्या दोन हेक्टरांचे १८००० रुपये बँकेने द्यावेत." हे भीक मागणे नव्हे. पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे की, पोर्टलवर माहिती चुकीची, अर्धवट भरल्यामुळे किंवा न भरल्यामुळे शेतकऱ्याची भरपाई बुडाली, तर ती देण्याची जबाबदारी त्या बँकेची. सोबत पासबुकाच्या पानाची झेरॉक्स जोडा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. "शिक्का नाही" असे उत्तर आले तर वाद घालू नका. पोस्टात जा आणि पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळले आहे, म्हणून पोच हवी हे खिडकीवर सांगून मागा. ती पावती म्हणजे तुमचा सातबारा समजून जपा.

आता मुख्य मुद्दा. समजा अर्जाची पोच ६ एप्रिलची आहे. २० एप्रिलला शाखेचे पत्र येते, "आपला अर्ज विभागीय कार्यालयाकडे पाठविला आहे." मेमध्ये विभागीय कार्यालय सांगते, "आमच्याकडे नव्याने अर्ज करा." तुम्ही नवा अर्ज करता आणि मनाशी धरता की आता दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. इथेच आपला माणूस फसतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत सारे मोजमाप बँकेला दिलेल्या लेखी तक्रारीपासून आहे. तिथपासून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर नकाराचे वा अर्धवट असले, तर थेट लोकपालाकडे जाता येते. बँकेच्या घरातल्या तिन्ही पायऱ्या चढल्याच पाहिजेत आणि प्रत्येकीवर महिना काढलाच पाहिजे, असे कोठेही नाही. आत कोणी कोणाकडे कागद पाठवायचा हा त्यांचा घरचा मामला. मोठ्या बँकांत तक्रार फेटाळण्याआधी ती अंतर्गत लोकपालाकडे नेणे बँकेवर बंधनकारक आहे, पण तेही बँकेनेच करायचे, तुम्ही नव्हे.

म्हणजे ६ एप्रिलच्या पोचेवर ६ मे गेला की तुम्ही मोकळे. मात्र मोकळे झालात म्हणून खुशाल बसू नका. लोकपालाकडे जाण्यालाही मुदत आहे. त्याच आठवड्यात जा.

जायचे कसे? मुलगा किंवा पुतण्या संगणक जाणत असेल तर cms.rbi.org.in येथे तक्रार भरता येते. नाहीतर चंदीगडला, रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, पिन १६००१७ या पत्त्यावर टपालाने पाठवा. मराठीत लिहिलेले चालते. माहितीसाठी १४४४८ हा फोन फुकट आहे. फी नाही, वकील नको. सोबत बँकेच्या पोचेची प्रत मात्र हवीच. ती नसेल तर "आधी बँकेकडे जा" असे सांगून तक्रार परत येते, आणि तिथे चूक आपली असते.

या दाराच्याही मर्यादा ओळखा. कर्ज का नाकारले, हा बँकेचा व्यापारी निर्णय म्हणून लोकपाल त्यात पडत नाही. विमा कंपनीने नुकसान कमी मोजले, तर तेही या दारातले काम नव्हे. इथे फक्त बँकेची चूक. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून या योजनेत आल्या आहेत, पण गावची सोसायटी अजून बाहेर आहे. हप्ता सोसायटीने कापला असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी जा.

आपल्या कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर बँक व्याज मोजते. तिला तारीख बरोबर कळते. तिच्या चुकीच्या वेळी मात्र तारीखच नसते, कारण ती आपण लिहून घेतलेली नसते. पुढच्या बैठकीला येताना ज्यांचा ज्यांचा हप्ता कापला आणि भरपाई आली नाही, त्यांनी पासबुक घेऊन यावे. अर्ज तिथेच लिहू, आणि दुसऱ्या दिवशी सारे मिळून एकाच शाखेत पोच घ्यायला जाऊ. बाबूजवळ एका माणसासाठी शिक्का नसतो. चाळीस माणसे उभी राहिली की सापडतो.